छोट्या कारखान्याचं पहिलं ऑडिट: मटेरिॲलिटी किती धरावी आणि तिचं पुढे करायचं काय

प्रश्न: एका छोट्या उत्पादक कंपनीचं पहिलंच वैधानिक ऑडिट माझ्याकडे आलंय. याआधी हिशेब कधीच तपासले गेलेले नाहीत. सगळे सांगतात, मटेरिॲलिटी, म्हणजे हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल अशा चुकीची मर्यादा, करपूर्व नफ्याच्या ५ टक्के घ्या. पण नफा इतका कमी आहे की आकडा फारच छोटा येतो, आणि उलाढालीवर काढला तर फारच मोठा. परफॉर्मन्स मटेरिॲलिटी, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीसाठीची त्याहून खालची मर्यादा, तिच्या ५० टक्के ठेवू की ७५? आणि हे आकडे फाइलमध्ये लिहून झाल्यावर प्रत्यक्ष तपासणीत नेमका काय फरक पडतो?

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण त्याचं उत्तर पहिल्या दोनांमधून जातं. म्हणून एकच कारखाना घेऊन शेवटपर्यंत जातो. समजा, पोलादी पत्र्याचे स्टॅम्पिंग केलेले सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. दोन भाऊ संचालक, दोघेही कारखान्यातच काम करतात. वर्षाची विक्री १,८४० लाख, ट्रायल बॅलन्सप्रमाणे करपूर्व नफा ४६ लाख, क्लोजिंग स्टॉक ३१० लाख, ग्राहकांकडून येणं ३४२ लाख. ओपनिंग स्टॉक २६५ लाख, आणि तो मोजला जाताना कुठलाही ऑडिटर तिथे हजर नव्हता. तुमची नेमणूक वर्षाच्या अकराव्या महिन्यात झाली आहे, म्हणजे क्लोजिंग स्टॉकच्या मोजणीला तुम्ही उभे राहू शकता.

आधी ५ टक्क्यांबद्दल. हा नियम नाही. लेखापरीक्षण मानक ३२० मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या उत्पादक संस्थेचं उदाहरण देताना चालू व्यवसायाच्या करपूर्व नफ्याचे ५ टक्के योग्य ठरू शकतात, एवढंच म्हटलं आहे. तेच मानक असंही सांगतं की नफा खूप वरखाली होत असेल तर दुसरा पाया घ्यावा, आणि मालकच व्यवसाय चालवत असून नफ्याचा मोठा भाग मेहनतान्याच्या रूपात उचलत असेल, तर मेहनताना वजा करण्यापूर्वीचा नफा जास्त उपयोगी पडू शकतो. आपल्या कारखान्याला या दोन्ही गोष्टी लागू आहेत. मागच्या तीन वर्षांचा नफा पाहा: ७८, १९ आणि आता ४६ लाख. त्यावर सरळ ५ टक्के लावले तर मटेरिॲलिटी ३.९ लाखांवरून ०.९५ लाखांवर येते आणि पुन्हा २.३ लाखांवर जाते. हिशेब वाचणाऱ्या बँकेची नजर दर वर्षी अशी चौपट बारीक आणि मग पुन्हा जाड होत नाही. पाया चुकलाय, हे इथेच कळतं.

उलाढालीवर काढून पाहू. विक्रीच्या अर्धा टक्का म्हणजे ९.२ लाख. दिसायला आकडा स्थिर आहे. पण तो ४६ लाखांच्या नफ्याशेजारी ठेवा: नफा २० टक्क्यांनी खोटा असला तरी आम्हाला चालेल, असा त्याचा अर्थ होतो. या कंपनीला खेळतं भांडवल देणारी बँक हे मान्य करणार नाही. कुठलाही पाया घेतला तरी तो दुसऱ्या दोन पायांशेजारी ठेवून बघायची सवय लावा. चूक जवळजवळ नेहमी तिथेच दिसते.

मी इथे नफाच धरीन, पण साफ करून. यंदा एक जुनी डाय मोडीत निघाली आणि १४ लाखांचा तोटा लागला. तो पुन्हा होणार नाही, म्हणून परत मिळवतो. दोन्ही भावांचा मिळून मेहनताना ३६ लाख आहे. इथे घाई होते, लोक सगळे ३६ परत मिळवून टाकतात. पण त्यांच्या जागी पगारी माणसं ठेवली असती तर खर्च झालाच असता. समजा, त्या कामाचा बाजारातला पगार १६ लाख आहे. मग नफ्याची वाटणी म्हणता येईल असा भाग फक्त २० लाख. म्हणजे ४६ अधिक १४ अधिक २०, एकूण ८० लाख. मागची दोन वर्षं अशीच साफ केली तर १०२ आणि ६३ येतात. तिन्हींची सरासरी सुमारे ८२. मागचे आकडे तपासलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर पाया उभा करू नका. पण यंदाचे ८० त्यांच्याजवळ बसतात, एवढा आधार ते देतात. ८० लाखांचे ५ टक्के, म्हणजे एकूण मटेरिॲलिटी ४ लाख. विक्रीच्या ती ०.२२ टक्के आहे आणि जाहीर नफ्याच्या ८.७ टक्के. थोडी कडक आहे, पण वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर पटते.

संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार, संचालकांचा मेहनताना, यांच्यासाठी मी वेगळी, खालची मर्यादा ठेवतो. इथे १ लाख. मानक तशी मुभा देतं, आणि घरच्या कंपनीत वाचणारा याच ओळी सगळ्यात बारकाईने वाचतो.

आता परफॉर्मन्स मटेरिॲलिटी. ५० ते ७५ टक्के हा पट्टा मानकात कुठेही नाही. ती फर्मांनी पाडलेली वहिवाट आहे. मानक फक्त हेतू सांगतं: न सापडलेल्या आणि न सुधारलेल्या छोट्या छोट्या चुकांची बेरीज एकूण मटेरिॲलिटीच्या वर जाण्याची शक्यता पुरेशी कमी राहावी. प्रत्येक खातं ४ लाखांच्या जाळीने गाळलं, तर स्टॉकमध्ये ३ लाख, येण्यात २ आणि खर्चात १.५ अशा चुका सुखाने निसटतात आणि बेरीज ६.५ होते. जाळी किती बारीक हवी, हे निसटणाऱ्या चुका किती असतील यावर ठरतं. आणि पहिल्या ऑडिटमध्ये नेमकं तेच माहीत नसतं. मागच्या वर्षीच्या चुकांची यादी नाही, हिशेबनीस चूक दाखवल्यावर दुरुस्त करतो की वाद घालतो हे माहीत नाही, ओपनिंग शिल्लक तपासलेली नाही, आणि स्टॉकची पद्धत एका माणसाच्या एक्सेल फाइलमध्ये आहे. ७५ टक्के घ्यायला माझ्याकडे एकही कारण नाही. म्हणून ५० टक्के: २ लाख. किरकोळ म्हणून सोडून द्यायची मर्यादा एकूण मटेरिॲलिटीच्या ५ टक्के, म्हणजे २०,०००. त्याखालची चूक यादीत लिहायचीही गरज नाही, पण ती मुद्दाम केलेली दिसली तर मर्यादा विसरा.

जाता जाता एक गोष्ट: हे आकडे मालकाला सांगू नका. तुम्ही २ लाखांच्या वरचंच बघता हे एकदा कळलं, की बिलं १.९ लाखांची व्हायला लागतात.

आता २ लाखांनी तपासणी कशी बदलते ते पाहू. सुरुवात ग्राहकांच्या येण्यापासून, कारण तिथे गणित साधं आहे. नमुना किती घ्यावा याचं प्रचलित सूत्र असं आहे: एकूण रक्कम भागिले सहन करता येईल अशी चूक, गुणिले खात्रीचा गुणक. ९५ टक्के खात्री हवी असेल आणि चूक अपेक्षित नसेल तर हा गुणक ३ असतो. दुसऱ्या तपासण्यांमधून आधीच काही पुरावा मिळाला असेल तर तो खाली येतो. ३४२ भागिले २ गुणिले ३, म्हणजे ५१३ बिलं. इथे बरेच जण घाबरतात आणि परफॉर्मन्स मटेरिॲलिटीच वाढवून टाकतात. तो आकडा आपल्या सोयीसाठी हलवायचा नसतो. हलवायची असते ती तपासणीची रचना.

यादी मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. एकूण ६४ ग्राहक. २ लाखांच्या वरचे २९, त्यांच्याकडे २८१ लाख. हे २९ सगळेच तपासायचे, त्यांना नमुन्याचं सूत्र लागूच नाही. यांच्यातला प्रत्येक जण एकटाच मर्यादा ओलांडू शकतो. त्यांना शिल्लक पुष्टीची पत्रं पाठवा, उत्तर न आलेल्यांचे वर्षानंतर जमा झालेले पैसे बँकेच्या उताऱ्यावर बघा आणि पैसेही आले नसतील तर डिलिव्हरी चलन आणि मालाची पोच बघा. उरले ३५ ग्राहक, ६१ लाख. पुढच्या महिन्यांतल्या वसुलीचा पुरावा असल्यामुळे गुणक १ धरला तरी ६१ भागिले २, म्हणजे ३१ ओळी येतात. ३५ मधून ३१ निवडण्यात काही अर्थ नाही. सगळ्या ३५ जणांची वसुली बँकेच्या उताऱ्यावर टिकमार्क करा, अर्ध्या दिवसात होतं. ५१३ बिलांचं ओझं असं ६४ ग्राहकांवर येतं, आणि तेही पूर्ण तपासणी होऊन.

हीच युक्ती कच्च्या मालाला लावा. १२० लाखांच्या कच्च्या मालात १४ ओळी २ लाखांच्या वरच्या आहेत, त्यांत ८४ लाख. त्या सगळ्या स्वतः वजन करून घ्यायच्या. उरलेल्या ३६ लाखांसाठी गुणक १.५ धरला, कारण मोजणीची पद्धत आपण समोर पाहिली आणि ती ठीक वाटली. ३६ भागिले २ गुणिले १.५, म्हणजे २७ ओळी. इथे मात्र नमुना खरोखर कामाचा आहे.

देण्यांकडे बघताना हे सगळं उलटं होतं, आणि पहिल्या वर्षी इथेच गफलत होते. देण्यांमध्ये भीती असते ती कमी दाखवण्याची. पुस्तकात ज्याची शिल्लक ४०,००० दिसते, त्याचं खरं देणं ५ लाख असू शकतं; आणि ज्याची शिल्लक शून्य, तो यादीतच नसतो. त्यामुळे '२ लाखांवरचे सगळे पुरवठादार' ही निवड देण्यांसाठी काही सिद्ध करत नाही. वर्ष संपल्यानंतरच्या दोन महिन्यांत दिलेले पैसे आणि आलेली बिलं घ्या, त्यातून मागे जा: हा माल किंवा ही सेवा कोणत्या तारखेची? इथे मी निवडीची मर्यादा २ लाखांपेक्षा बरीच खाली, ५०,००० वर ठेवतो. नोंदच नसलेल्या चुका सहसा एकट्या येत नाहीत. एक विसरलेलं बिल सापडलं की त्याच पुरवठादाराची आणखी दोन असतात.

आता मुख्य भाग: तयार आणि अर्धवट मालाचं मूल्य. हे १९० लाख. त्यात पोलाद १०८, मजुरी ४० आणि ओव्हरहेड ४२ लाख. इथे दोनशे ओळी तपासल्या तरी काही कळणार नाही, कारण मोठी चूक एका ओळीत नसते. ती दरात असते, आणि दर सगळ्या ओळींना सारखाच लागतो. अशा ठिकाणी परफॉर्मन्स मटेरिॲलिटी उलट दिशेने वापरायची: दर किती टक्क्यांनी चुकला तर २ लाखांची मर्यादा ओलांडली जाते? ४२ लाखांचे ५ टक्के म्हणजे २.१ लाख. म्हणजे ओव्हरहेडचा दर ५ टक्क्यांच्या आत बरोबर आहे, इतका पुरावा मला हवा. 'दर मागच्या वर्षासारखाच वाटतो' या टिपणाने तो मिळत नाही. दराचं गणित उघडून बसावं लागतं.

उघडलं तर हे दिसलं. कंपनीने वर्षाचा ओव्हरहेड २३० लाख धरला, यंत्रांच्या सामान्य क्षमतेचे २३,००० तास, दर ताशी १,०००. क्लोजिंग स्टॉकमध्ये अडकलेले तास ४,२००, म्हणून ४२ लाख. पण २३० लाखांमध्ये ऑफिसचे पगार आणि विक्रीचा खर्च मिळून २८ लाख घुसले होते. ते उत्पादन खर्चाचा भाग होत नाहीत, स्टॉकमध्ये जाता कामा नये. २८ लाख भागिले २३,००० तास, म्हणजे ताशी सुमारे १२२ जास्त. गुणिले ४,२०० तास: ५.११ लाख. क्लोजिंग स्टॉक एवढ्याने फुगलेला आहे, आणि ही एकच चूक एकूण मटेरिॲलिटीच्या वर गेली.

आता खरी परीक्षा. हिशेबनीस म्हणतो, 'साहेब, मागच्या वर्षीही असंच केलंय, नफ्यावर काही परिणाम नाही.' त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. मागच्या वर्षी ऑफिस आणि विक्रीचा खर्च २६ लाख, तास तेवढेच, आणि ओपनिंग स्टॉकमधले तास ३,६००. तोच हिशेब केला तर ओपनिंग स्टॉक ४.०७ लाखांनी फुगलेला होता. दोन्हींतला फरक, म्हणजे यंदाच्या नफ्यावरचा परिणाम, फक्त १.०४ लाख. परफॉर्मन्स मटेरिॲलिटीच्याही खाली. नुसता नफ्याचा रकाना पाहणारा ऑडिटर ही चूक 'न सुधारलेल्या' यादीत टाकून पुढे जाईल.

पण ताळेबंदात स्टॉक ५.११ लाखांनी जास्त दिसतोय, आणि बँक खेळत्या भांडवलाची मर्यादा याच स्टॉकवर ठरवते. शिवाय उद्या कंपनीने पद्धत दुरुस्त केली तर हे सगळे ५.११ लाख एकाच वर्षाच्या नफ्यावर पडतील. चूक नफ्यावरही मोजायची आणि ताळेबंदावरही. दोन्हींपैकी जी मोठी, तिला मर्यादेशी भिडवायचं. पहिल्या ऑडिटमध्ये याला पर्याय नाही, कारण ओपनिंग शिल्लक आणि क्लोजिंग शिल्लक एकच जुनी सवय वाहत असतात आणि एकमेकींना झाकतात. इथे दुरुस्ती दोन्ही टोकांना करायला सांगा: ४.०७ लाख मागच्या वर्षाच्या राखीव नफ्यातून, १.०४ लाख यंदाच्या नफ्यातून.

दर सुधारला, पण ओपनिंग स्टॉकच्या नगांचं काय? २६५ लाखांचा माल खरोखर होता का? तो ३ लाखांनी जास्त लिहिला असेल तर यंदाचा नफा पूर्ण ३ लाखांनी कमी दिसतो. मध्ये कुठलीही उशी नाही. मानक ५१० या बाबतीत मार्ग सुचवतं: आताच्या मोजणीवरून मागे चालत जाणं, ओपनिंग स्टॉकच्या मूल्यांकनाची तपासणी, ढोबळ नफ्याची तपासणी. कागदावर प्रत्येक वस्तूसाठी पूर्ण वर्ष मागे जाणं या कारखान्यात अशक्य आहे. पण पत्र्याच्या कारखान्यात एक सोय असते: पोलाद नाहीसं होत नाही. एकतर ते विकलेल्या भागांमध्ये जातं, नाहीतर भंगारात, नाहीतर शिल्लक राहतं.

म्हणून वजनाचा ताळा घ्या. वर्षाअखेर सगळ्या रूपांतलं मिळून पोलाद ३८० टन मोजलं. वर्षभरात विकलेल्या भागांचं निव्वळ वजन १,१९० टन, भंगार काट्याच्या पावत्यांप्रमाणे २१५ टन, खरेदी १,४३० टन. तर सुरुवातीला किती असायला हवं? ३८० अधिक १,१९० अधिक २१५ वजा १,४३०, म्हणजे ३५५ टन. पुस्तकात ओपनिंग ३५२ टन. फरक ३ टन. तो मोठा की लहान? इथेही २ लाखांचंच माप लावायचं: किलोला सुमारे ६० या दराने २ लाख म्हणजे ३.३ टन. आपला फरक १.८ लाखांचा, मर्यादेच्या आत. ताळा बसला, पण जेमतेम बसला, हेही टिपणात लिहा. आणि हा ताळा किती भरवशाचा हे तीन गोष्टींवर ठरतं: भागांचं निव्वळ वजन ड्रॉइंगवरून घेतलं की काट्यावरून, भंगाराच्या सगळ्या पावत्या पुस्तकात आहेत की काही रोखीत गेल्या, आणि जॉबवर्कसाठी आलेलं दुसऱ्याचं पोलाद मोजणीत मिसळलं का. रोख भंगाराचा संशय आला तर महिनावार भंगाराचं प्रमाण काढा. सगळे महिने १५ टक्क्यांच्या आसपास आणि दोनच महिने ११ वर असतील, तर प्रश्न त्या दोन महिन्यांबद्दल विचारा.

ताळा बसलाच नसता आणि दुसराही पुरावा मिळाला नसता, तर जास्त नमुने घेऊन हा प्रश्न सुटला नसता. मग अहवालात मर्यादित मत द्यावं लागतं, किंवा परिस्थिती फारच वाईट असेल तर मत नाकारावं लागतं. मात्र स्थानिक कायदा आडवा येत नसेल तर नफा-तोटा आणि रोख प्रवाहावर मर्यादित मत आणि वर्षाअखेरच्या ताळेबंदावर स्वच्छ मत, असं वेगळं करता येतं, कारण ओपनिंग स्टॉकची चूक वर्षाअखेरच्या शिलकीत राहत नाही. हे मालकाला मोजणीच्या दिवशीच सांगून ठेवा, सहीच्या दिवशी नाही.

आता सापडलेल्या चुकांची बेरीज. कच्च्या मालाच्या २७ ओळींमध्ये ९ लाखांचा माल होता आणि निव्वळ ३०,००० ची जास्तीची किंमत सापडली. मालक म्हणाला, 'तीस हजार तर आहेत, करून टाका दुरुस्त आणि संपवा.' दुरुस्त करायचेच, पण संपत नाही. ९ लाखांत ३०,००० म्हणजे ३६ लाखांत १.२ लाख, नमुन्याची चूक पूर्ण गटावर पसरवून मोजणं मानक ५३० नुसार बंधनकारक आहे. सापडलेले ०.३ सुधारले की अंदाजित ०.९ लाख यादीत उरतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बिल केलेली पण तीन दिवसांनी गेलेली ३.१ लाखांची एक खेप मिळाली. तिचा माल वेगळा काढून ठेवल्यामुळे मोजणीतही आला नव्हता. विक्री उलटवली, २.३ लाखांचा माल स्टॉकमध्ये घेतला, नफा ०.८ ने कमी झाला. बुडीत येण्याची तरतूद कंपनीने १ लाख केली होती. जुन्या येण्यांवरून आपला अंदाज २.२ ते ३ लाखांच्या दरम्यान. कंपनी बदलायला तयार नाही, म्हणून पट्ट्याच्या जवळच्या टोकापर्यंतचा फरक, १.२ लाख, न सुधारलेली चूक म्हणून नोंदला.

न सुधारलेलं एकूण: ०.९ अधिक १.२, म्हणजे २.१ लाख. ४ लाखांच्या खाली आहे, पण प्रश्न तिथे संपत नाही. न सापडलेल्या चुकांसाठी उरलेली जागा फक्त १.९ लाख, आणि ओपनिंगच्या ताळ्यातच १.८ लाखांचा धूसरपणा शिल्लक आहे. इथे मी कंपनीपुढे दोन पर्याय ठेवीन: तरतूद २.२ लाख करा, किंवा मला कच्च्या मालाच्या आणखी ओळी तपासू द्या. बहुतेक वेळा पहिला पर्याय निवडला जातो, आणि यादीत फक्त ०.९ उरतं. बेरीज ४ च्या जवळ सरकत असताना जास्त तपासणी न करता सही करणं, ही पहिल्या वर्षाच्या फायलीत समीक्षकाला सगळ्यात आधी दिसणारी उणीव असते.

नफा आता बदलला आहे, म्हणून मटेरिॲलिटी पुन्हा काढून बघा. पुस्तकात केलेल्या दुरुस्त्या १.०४, ०.८ आणि ०.३, एकूण २.१४ लाख. साफ केलेला नफा ८० वरून ७७.९ वर येतो, त्याचे ५ टक्के ३.९ लाख. तरतूदही वाढवली तर ७६.७ आणि ३.८ लाख. फरक किरकोळ आहे, ४ लाख बदलायची गरज नाही. पण गणित आणि निर्णय फाइलमध्ये हवा. दुरुस्त्यांनी नफा ६० वर आणला असता तर मटेरिॲलिटी ३ लाख, परफॉर्मन्स १.५ लाख झाली असती, आणि २ लाखांच्या वर म्हणून निवडलेल्या सगळ्या याद्यांत १.५ ते २ लाखांमधल्या ओळी नव्याने घ्याव्या लागल्या असत्या. त्यासाठी अंतिम आकडे यायची वाट पाहू नका. मोठी दुरुस्ती दिसली त्याच दिवशी हे गणित करा, नाहीतर कारखान्याचे कागद गोदामात परत गेलेले असतात.

पुढच्या वर्षी मात्र तुमच्याकडे एक यादी असेल: कुठे चूक निघाली, किती, आणि कंपनीने ती कशी घेतली. ओव्हरहेडचा दर त्यांनी स्वतःहून नीट काढला आणि मोजणीत पुन्हा तसंच काही निघालं नाही, तर परफॉर्मन्स मटेरिॲलिटी ६० ते ६५ टक्क्यांवर न्यायला हरकत नाही. तीच चूक पुन्हा आली, तर ५० वरच थांबा.